चिरंजिवांच्या वतीने

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका मराठी घरात शनिवारी चिरंजिवांना चार वर्षं पूर्ण होतात आणि रविवारी आई क्रेयॉन घेऊन बसते. अमेरिकेत भेटवस्तूबद्दल हाताने लिहिलेलं आभारपत्र पाठवायची रीत आहे. देणाऱ्यासमोर खोका उघडून ‘थँक्यू’ म्हटलं, तर पत्र नाही धाडलं तरी चालतं, असं शिष्टाचाराचे जाणकार सांगतात. पण पोरांची झोंबाझोंबी नको म्हणून हल्ली खोके पाहुणे गेल्यावरच उघडतात. टळलेल्या रडारडीची किंमत मग आईच्या मनगटाकडून वसूल होते.

कोणी काय दिलं, याची यादी बाबांनी करायची आणि खोके चिरंजिवांनी फोडायचे, अशी वाटणी असते. दोन मिनिटांत नावाची चिठ्ठी सोफ्याखाली आणि डंपर न्हाणीघरात. त्यामुळे ‘तुमची भेट मला फार आवडली’ हे कुणालाही खपणारं वाक्य जन्माला येतं. मुरलेला वाचक ताबडतोब ओळखतो: यादी हरवली!

पण खरी कसोटी लागते ती आवाजाची. आईचा पहिला मसुदा असतो, ‘वेळात वेळ काढून आल्याबद्दल मी आपली ऋणी आहे.’ बाबा ‘ऋणी’ खोडतात. मग बालपण आणण्यासाठी आई इंग्रजी ‘एस’ उलटा काढते, सगळीकडे, न चुकता. या वयाचं मूल अक्षर उलटं काढतंच. पण त्याच ओळीत तेच अक्षर सुलटंही काढतं. एवढी शिस्तबद्ध चूक मोठ्यांनाच जमते. बाबांच्या चित्रातला माणूस तर साफ पकडला जातो, कारण त्याला मान आहे आणि पाच-पाच बोटंही. लहान मुलांच्या सुरुवातीच्या माणसाला बरेचदा धड नसतं, पाय थेट डोक्यालाच फुटतात.

सोपा मार्ग म्हणजे पोराला विचारायचं आणि तो बोलेल ते उतरवून घ्यायचं. विचारलंही.

‘‘डंपर कसा आहे रे?’’

‘‘त्यात बाबाची चप्पल बसते.’’

पत्र इथेच तयार झालं होतं. पण लोकांच्या भेटीत चप्पल ठेवल्याचं कळवायचं कसं? संपादित आवृत्ती गेली: ‘डंपरमध्ये अनेक उपयुक्त वस्तू मावतात.’

पुण्याच्या आजीने शर्ट पाठवला होता. खोक्यातून कापड निघालेलं बघून चिरंजिवांनी भोकाड पसरलं होतं. बाबांनी मराठीत लिहिलं, ‘ती. आजीस सा. न. वि. वि. तू पाथवलेला शल्त मला खूप आवल्ला.’ चिरंजीव ‘र’ आणि ‘ड’ खणखणीत म्हणतात. बोबडे फक्त बाबा आहेत.

डंपर देणाऱ्या घरात मुलगी तीन वर्षांची. आठवड्याभरात तिचं उत्तर आलं, जांभळ्या क्रेयॉनमध्ये: ‘तुझ्या पत्राने मला आनंद झाला. तुझ्या आई-बाबांना नमस्कार सांग.’ सगळे ‘एस’ उलटे.