त्वरा करा, मोजक्याच तारखा शिल्लक!

एका मंगल कार्यालयाची जाहिरात सध्या आमच्या नातेवाइकांत फिरते आहे. नाव सांगत नाही, कारण गावोगावच्या कार्यालयांच्या जाहिराती एकाच आचाऱ्याने रांधल्यासारख्या असतात. फोटोत फुलांनी मढवलेलं स्टेज, आणि त्याखाली मजकूर: ‘लग्नसराई 2026! मे-जूनच्या मोजक्याच तारखा शिल्लक. 17, 23, 24, 30, 31 मे आणि 6, 7, 13, 14 जून. क्षमता 1000. शंभर गाड्यांचं प्रशस्त पार्किंग. केटरिंग आमच्या पॅनेलवरचंच. कार्यालय पाहण्यासाठी आधी वेळ घ्यावी. त्वरा करा!’

मेहुण्याने त्वरा केली. मुलीचं लग्न ठरलेलं, आणि नऊच्या नऊ तारखा शनिवार-रविवारच्या. भर उन्हाळी सुट्टीत नऊ शनिवार-रविवार मोकळे म्हणजे नशीबच उघडलं! फोनवरच टोकन द्यायला निघालेल्या त्या बापाला आत्याबाईंनी थांबवलं. त्यांनी चष्मा लावला, पंचांग उघडलं आणि विचारलं, “अरे, अधिकात लग्न लावतोस का पोरीचं?”

या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. तो 17 मेला लागतो आणि 15 जूनला संपतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ती तूट साठत जाते आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास एक जादा महिना घालून फेडावी लागते. त्या महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही, आणि पंचांगकर्ते लग्नाचे मुहूर्त देत नाहीत. आता जाहिरातीतल्या तारखा पुन्हा वाचा. पहिली 17 मे, शेवटची 14 जून. मालकाने अधिक महिना पट्टीने आखून घेतला आहे, एक दिवस इकडे नाही की तिकडे. ‘शिल्लक’ हे खरंच आहे. फक्त त्या का शिल्लक आहेत हे लिहायला जागा पुरली नाही, कारण पुढे ‘त्वरा करा’ लिहायचं होतं.

यातली मौज अशी, की हाच धोंड्याचा महिना. घरोघर जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, त्याला जेवू घालायचं, कपडे करायचे. जुने जावई या महिन्यात पूजनीय, मात्र नवा जावई करून घ्यायला बंदी. मुहूर्त न मानणाऱ्यांनी मात्र या तारखांकडे नीट पाहावं. नोंदणी पद्धतीने लग्न करून संध्याकाळी स्वागत समारंभ करणाऱ्याला अधिक ज्येष्ठ काय आणि निज ज्येष्ठ काय! पण अशा माणसाने मॅनेजरपुढे आपली मतं लगेच उघड करू नयेत. आधी काळजीच्या सुरात म्हणावं, “अधिक आहे हो, घरचे तयार होत नाहीत.” मग भाड्याचं बोलणं सुरू करावं. पुरोगामित्व पावती फाडून झाल्यावर दाखवलं तरी चालतं.

आता क्षमता. एक हजार हा आकडा कुठून आला, हे मेहुण्याने मॅनेजरला विचारलं. “हजार माणसं आरामात होतात, साहेब,” असं उत्तर आलं. होतात, पण कुठे? अक्षता टाकायला उभी की जेवायला बसलेली? लग्नाला आलेला माणूस मुहूर्ताला कदाचित येणार नाही, पण जेवायला येतोच. म्हणून मोजायचा तो जेवणाचा हॉल. तो आहे साठ फूट बाय पन्नास, म्हणजे 3000 चौरस फूट, सुमारे 279 चौरस मीटर. जेवणाच्या दालनात माणशी दीड चौरस मीटर धरा. भागून पाहा. एका वेळी 186 माणसं.

म्हणजे हजारांना सहा पंगती. पानं मांडणं, वाढणं, आग्रह, हात धुणं, टेबल पुसणं धरून एका पंगतीला पाऊण तास, आणि तोही व्याह्यांच्या बाजूचं कोणी रुसलं नाही तर. पहिली पंगत साडेबाराला बसली तर सहावी सव्वाचारला बसते. कार्यालय सोडायची वेळ नियमाप्रमाणे चार! तेव्हा सहाव्या पंगतीला मठ्ठा वाढला जात असताना संध्याकाळच्या पार्टीचा डेकोरेशनवाला शिडी घेऊन डोक्यावर झेंडूच्या माळा बांधत असतो. बुफे ठेवा, मग अडचण नाही, असं मॅनेजर सुचवतो. बुफेत माणूस बसत नाही हे खरं, पण तो नाहीसाही होत नाही. हातात गरम ताट घेऊन तो रांगेतल्या दुसऱ्याच्या शालूला आमटी लावत उभा असतो.

पार्किंगचा हिशेब तर एका ओळीचा आहे. उघड्यावर एक मोटार उभी करून तिला वळायला-निघायला जागा ठेवायची तर सुमारे 23 चौरस मीटर लागतात. गुंठ्यात चारपेक्षा थोड्या जास्त गाड्या. शंभर गाड्यांना तेवीस गुंठे हवेत, आणि इमारतीसकट कार्यालयाची सगळी जागा वीस गुंठे. उरलेल्या गाड्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लागतात, त्या प्लॉटचा मालक बांधकाम सुरू करेपर्यंत.

खरी साहित्यकृती म्हणजे केटरिंगची नियमावली. ती जाहिरातीत एका वाक्याची असते आणि करारात दीड पानाची. पॅनेलवर तीन केटरर. बाहेरचा आणायचा तर ताटामागे रॉयल्टी. बाहेरचा खाद्यपदार्थ आत आणायचा नाही, या कलमाखाली रुखवतातले लाडू येतात का, यावर मेहुण्याने अर्धा तास चर्चा केली. शेवटी ते ‘मांडणीपुरते’ मान्य झाले, खायला नाहीत.

पण लक्ष ठेवायचं ते ‘किमान हमी’वर. समजा, पाचशे ताटांची हमी लिहून दिली आणि 380 माणसं जेवली, तरी बिल पाचशेचं. 520 जेवली तर 520 चं. हमीला खालून मजला आहे, वरून छप्पर नाही. आणि मोजतात माणसं नव्हेत, ताटं. सुरुवातीला किती ताटं काढली आणि शेवटी किती कोरी उरली, यातला फरक म्हणजे जेवलेली मंडळी. एखाद्या पोराने नुसत्या गुलाबजामासाठी ताट उचललं, तरी तो कागदोपत्री पोटभर जेवलेला वऱ्हाडी ठरतो. म्हणून घरातला एक माणूस, शक्यतो बँकेतून निवृत्त झालेला, ताटांच्या चळतीपाशी बसवावा. दोन्ही वेळच्या मोजणीवर त्याची आणि केटररची सही घ्यावी. त्याचं जेवण सहाव्या पंगतीत होईल, त्याला इलाज नाही.

राहिलं कार्यालय पाहणं. वेळ मिळते ती मंगळवारी सकाळी अकराची. तेव्हा हॉल रिकामा, फरशी चकचकीत, एसी फक्त तुमच्यासाठी लावलेला आणि भटारखाना थंड. अशा वेळी सगळीच कार्यालयं सुंदर दिसतात. पाहायचं असेल तर दाट मुहूर्ताच्या दिवशी दुपारी पावणेतीनला जावं, तिसरी पंगत उठून चौथी बसते तेव्हा. हात धुण्याच्या नळाला किती धार आहे, वधूपक्षाच्या खोलीतल्या संडासाची कडी लागते का, आणि भटारखान्यामागे खरकटं कुठे साठलंय, एवढं पाहिलं की पुरे. मॅनेजर अशी वेळ देत नाही, तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून सरळ आत शिरावं. मुलीकडच्यांनी हटकलं तर मुलाकडचे म्हणून सांगावं, मुलाकडच्यांनी हटकलं तर मुलीकडचे. लोक आग्रह करतील, सरबत घ्यावं. ताटाला मात्र हात लावू नये. ते मोजलं जातं, आणि त्याचं बिल एका अनोळखी बापाला जातं.