चांदणीखाली अंधार

सुरतेचा कापडवाला दुसऱ्या कापडवाल्याला सूट देतो तेव्हा कमालीचा स्पष्ट असतो. इतक्या दिवसांत पैसे आले तर इतके टक्के वटाव, दिवस उलटले की वटाव गेला. टक्के आणि दिवस एका दमात बोलले जातात. समोरचाही व्यापारीच असतो, आणि बोलणं जरा मोघम राहिलं तर तो वटाव कापून घेईल आणि पैसेही सावकाश देईल, हे दोघांना पक्कं ठाऊक असतं. हाच माणूस साडी नेसणाऱ्या गिऱ्हाइकाला मेल पाठवायला बसला की टक्के हत्तीएवढे होतात आणि दिवस कुठे जातात ते दिसत नाही.

माझा भाचा कामरेजला चौकडीजवळच्या एका ऑनलाइन साडीविक्रेत्याकडे मेल लिहितो. घर मूळचं धुळ्याकडचं, म्हणून महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांचा मेल त्याच्या गळ्यात. दिवाळीचा मसुदा त्याने मला वाचायला दिला. विषयाच्या ओळीत ‘दिवाळी धमाका! फ्लॅट ५०% सूट*’. खाली साड्यांची लांबलचक रांग. तिच्याही खाली, फिकट करड्या अक्षरांत आणि एकदम इंग्रजीत, त्या चांदणीचा खुलासा. किमान खरेदी १,९९९ रुपये. सूट जास्तीत जास्त ५०० रुपये. निवडक मालावर. पैसे आधी भरले तरच. दिवाळीपर्यंत. आणि शेवटी, ऑफर केव्हाही मागे घेण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे.

आता यातल्या पहिल्या दोन अटी शेजारी शेजारी ठेवून बघा. सूट ५०० च्या वर जात नाही, म्हणजे खरे पन्नास टक्के मिळायचे तर खरेदी हजाराच्या आत हवी. पण १,९९९ च्या खाली सूटच नाही. म्हणजे पन्नास टक्के भारतात कुणालाच मिळू शकत नाहीत. १,९९९ ची साडी घेणारी सर्वात भाग्यवान, तिला पंचवीस टक्के. २,४०० ची घेतली तर एकवीस. त्यात पैसे भरायच्या शेवटच्या पडद्यावर कुरिअरचे ९९ रुपये उगवतात, की हाती राहिले ४०१, म्हणजे सतरा टक्क्यांच्या आत. भाच्याला मी हा हिशेब मांडून दाखवला. तो म्हणाला, “मामा, सेठ म्हणतात पन्नास हा आकडा फक्त बोलवायला आहे.”

बोलवायचं आणि आल्यावर निराळंच दाखवायचं, यावर सरकारने लिहून ठेवलंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. त्यांत खुलाशासाठी साध्या अटी आहेत. दावा ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत, अक्षर दाव्याच्याच वळणाचं, जागा ठळक. आणि मुख्य म्हणजे खुलासा दाव्याचा अर्थ उलगडू शकतो, दावा खोटा पाडू शकत नाही. आमच्या चांदणीने पहिल्याच फटक्यात दावा खोटा पाडला होता, तोही परक्या भाषेत. शेवटच्या पडद्यावर उगवणारे कुरिअरचे पैसे तर नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या नियमावलीत नाव घेऊन आलेत. तिथे अशा तेरा चलाख्यांची यादी आहे, आणि खोटी घाई लावणं हीही तिच्यातलीच एक.

कायद्याला सेठ भीत नाहीत, म्हणून जीमेलची गोष्ट सांगितली. मेलचा कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मधूनच कापतं आणि खाली [Message clipped] असं लिहून मोकळं होतं. फोटो त्या मापात धरले जात नाहीत, पण प्रत्येक साडीमागची चौकट, किंमत, बटण यांचा कोड धरला जातो. साड्यांची रांग लांबली की आधी तळ जातो, आणि तळाशी असतात अटी. म्हणजे अटी बारीक तरी होत्या असंही म्हणायची सोय नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवर त्या पोचल्याच नव्हत्या. आपल्याच पत्त्यावर मेल पाठवून फोनवर उघडला की हे मिनिटभरात कळतं.

मग मुदत. ‘दिवाळीपर्यंत’ म्हणजे कधीपर्यंत? सेठची दिवाळी अमावास्येला होते, दुसऱ्या दिवशी त्यांचं नवीन वर्ष. नाशिकच्या बाईची दिवाळी भाऊबीजेपर्यंत चालते. नणंदेची साडी तिला तेव्हाच आठवते. ती पाडव्याला वेबसाइट उघडेल तर सूट गेलेली, आणि फोन करील तर लाभपाचमपर्यंत ऑफिसला कुलूप. बरं, तारीख लिहून ‘रात्री १२ पर्यंत’ म्हटलं तरी सुटका नाही, कारण सात तारखेचे रात्रीचे बारा सहाच्या रात्री वाजतात की सातच्या, यावर घराघरांत दोन पक्ष आहेत. ११:५९ लिहिलं की भांडण मिटतं. शिवाय त्या वेळेपर्यंत नक्की काय व्हायला हवं? साडी पिशवीत टाकली की पैसे भरले? तेही लिहायचं.

दुरुस्त मेलचा विषय आम्ही असा केला: ‘५०० रुपये सूट, ७ नोव्हेंबरपर्यंत’. फोनवर विषयाची ओळ लवकर तुटते, म्हणून रक्कम आणि तारीख पुढे, धमाका रद्द. विषयाच्या शेजारी जी फिकट ओळ दिसते तिथे ‘१,९९९ किंवा त्याहून जास्तीच्या खरेदीवर’. आणि उघडल्यावर, पहिल्या साडीच्या वर, फोटोत न कोंबता साध्या अक्षरांत:

‘१,९९९ रुपये किंवा त्याहून जास्तीच्या कॉटन आणि जॉर्जेट साड्या घ्या, बिलातून ५०० रुपये कमी होतील. शनिवार, ७ नोव्हेंबर, रात्री ११:५९ च्या आत पैसे भरलेल्या ऑर्डरलाच सूट मिळेल. घरी आल्यावर रोख देण्याची सोय या ऑफरमध्ये नाही. कुरिअरचे ९९ रुपये वेगळे. आवडली नाही म्हणून साडी परत घेणार नाही. फाटकी किंवा भलतीच आली तर घेऊ. रविवारपासून लाभपाचमपर्यंत ऑफिस बंद.’

फाटकी साडी परत घेणं हा काही सेठचा दिलदारपणा नव्हे. ऑनलाइन विक्रेत्याला सदोष माल परत घेणं नाकारता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे.

सेठनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. एवढं सगळं वरच सांगितलं तर बटण कोण दाबणार? प्रश्न वाजवी आहे. बटण दाबणारे कमी होतील, हे कबूल. पण आज जे दाबतात त्यांतल्या पुष्कळ जणी १,९०० ची साडी घेऊन पैशांपर्यंत येतात, सूट दिसत नाही म्हणून निघून जातात, आणि काही जणी भाच्याला फोन करतात. हे फोन सेठ घेत नाहीत, म्हणून ते त्यांच्या हिशेबात नाहीत.

अखेर तारीख मान्य झाली, पन्नास टक्के गेले, कुरिअरचे पैसे वर आले. अडलं एका वाक्यावर: ऑफर केव्हाही मागे घेण्याचा हक्क. ते सोडायला सेठ तयार नाहीत. म्हटलं, ठेवा, पण मग विषयाच्या ओळीतच ठेवा: ‘५०० रुपये सूट, ७ नोव्हेंबरपर्यंत, तोवर आमचं मन बदललं नाही तर’.