तेलाच्या बाटलीवरची रेघ

ईदच्या सुट्टीत रियाधहून आभाच्या थंड डोंगरात एकत्र व्हिला घेणाऱ्या प्रत्येक मराठी कंपूत एक हिशेबनीस असतोच. पोचल्यापोचल्या तो डोंगर बघत नाही, तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारतो. हलालापर्यंत हिशेब लावणारा हा माणूस सुट्टीचा विचका करतो असं म्हणतात. मात्र त्याचं गणित बरोबर असतं आणि ‘समान वाटून टाका हो’ म्हणणाऱ्या दिलदारांचं चुकतं. समजा, तीन रात्रींचं भाडं १८०० रियाल आणि बिऱ्हाडं तीन. त्यातलं एक ‘बॅचलर’चं, म्हणजे लग्न झालेल्या पण बायकामुलं गावी असलेल्या गड्याचं. तो तिसऱ्या दिवशी दुपारी उगवतो. समान वाटणीत त्याच्या एका रात्रीचे ६०० होतात. बिऱ्हाडांच्या एकूण सात रात्री धरल्या तर २५७. हिशेबनीस प्रत्येक रात्रीचे ६०० त्या रात्री हजर असलेल्यांतच वाटतो, म्हणून बॅचलरचे २०० आणि बाकीच्यांचे ८००-८००. हेच रास्त, कारण पहिल्या दोन रात्री तो नसतानाही घर तेवढ्याच भाड्याला घेतलं असतं.

खरंच घेतलं असतं का? आक्षेप इथेच येतो, आणि तो बिनतोड आहे. दोन खोल्यांचा व्हिला रात्रीला ४५० ला मिळत असताना बॅचलरने ‘येतो’ म्हटल्यामुळे तिसरी खोली घेतली असेल, तर रिकाम्या दोन रात्रींचे जादा ३०० त्याचेच. म्हणजे त्याचे एकूण ५००. मोठाच व्हिला शिल्लक होता म्हणून घेतला असेल, तर मात्र २००.

किराण्याला रात्री लावणं ही तर शुद्ध चूक. तांदूळ रात्री झोपत नाही, माणसं जेवतात. म्हणून ताटं मोजायची, पोरांचं अर्धं ताट धरायचं. जेवणं एकूण पाच. नवरा-बायको आणि दोन मुलांची १५ ताटं, नुसत्या जोडप्याची १०, दोनदाच जेवलेल्या बॅचलरची २. किराणा ५४० चा, तर ताटाला २० रियाल पडले: ३००, २०० आणि ४०. रात्रींवर वाटलं असतं तर बॅचलरला ७७ पडले असते, जोडप्याला २३१, आणि मुलांचं बरंचसं जेवण या दोघांच्या खिशातून गेलं असतं. चहा-पोहे कोण मोजतो, असं कोणी म्हणेल. तेवढे हिशेबनीसही सोडतो. उरलेलं मात्र सोडत नाही: न फोडलेलं पाकीट आधी वजा, मग भागाकार. अर्थात तेलाची रेघही पुन्हा तपासली जाते.

या माणसाची एकच खोड कागदावर सापडत नाही. त्याने स्वतःच्या गाडीतून केलेल्या बाजाराच्या खेपा कुठेच नोंदलेल्या नसतात. बॅचलरचं ५०० चं गणित त्याला तोंडपाठ असतं, तरी शिफ्ट सुटली नाही म्हणून उशिरा आलेल्याच्या नावापुढे तो मुकाट्याने २०० मांडतो. निघताना रेघेखाली दोन बोटं उतरलेली तेलाची बाटली बॅचलरच्या पिशवीत जाते. तिची किंमत कोणाच्याच खात्यात नसते.