चोर सोडून संन्याशाला फाशी

आमच्या शेजारचे काका रात्री दोन वाजता गॅलरीत येरझारा घालतात. झोप येत नाही, छातीत धडधडतं. "मुलानं जिनसेंगची गोळी आणून दिलीय, तिनं असेल का रे? पण ती तर नैसर्गिक आहे!" धोतराही नैसर्गिकच असतो, पण रात्री दोनला वाद नको.

सकाळी बाटली पाहिली. पुढे ठळक अक्षरांत जिनसेंग, मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'ग्वाराना अर्क ४०० मिग्रॅ, कॅफीन २२ टक्के'. जिनसेंगच्या मुळीत कॅफीन नसतं. ग्वारानाच्या बियांत मात्र ते कॉफीच्या बियांपेक्षाही जास्त भरतं. म्हणजे एका गोळीत ८८ मिलिग्रॅम, जवळजवळ एक कप कॉफी. काका अशा दोन गोळ्या घेतात, एक सकाळी आणि एक दुपारी चारला. "तरतरी यावी" म्हणून दोन्ही वेळा कॉफीबरोबर. मधल्या वेळची कॉफी निराळीच. कपाला ८० धरले, तरी दिवसाचे ४१६ होतात. अमेरिकेचं औषध प्रशासन धडधाकट माणसाला ४०० पर्यंत चालेल म्हणतं. काका एकाहत्तरचे आहेत.

कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. चारच्या गोळी-कॉफीतले १६८ मिलिग्रॅम नऊला ८४ होतात, रात्री दोनला ४२. म्हणजे त्या गॅलरीत काकांच्या पोटात अर्धा कप कॉफी असतेच. कप तेवढा हातात नसतो.

जिनसेंगवर हा आळ जुनाच. १९७९ साली अमेरिकेत रोनाल्ड सीगल यांनी १३३ जिनसेंगभक्तांची पाहणी केली. त्यातल्या १४ जणांत रक्तदाब, अस्वस्थता, निद्रानाश असा संच आढळला आणि 'जिनसेंग अतिवापर विकार' असं भारदस्त नाव पडलं. पुढे टीकाकारांनी विचारलं की ही मंडळी कॉफीही पीत होती, त्याचं काय? तुलनेला जिनसेंग न घेणारा गटही नव्हता. जिनसेंग अगदी निर्दोष आहे असं नाही. काहींची झोप तेही उडवतं आणि वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर कमी करू शकतं. पण धडधडीचा पहिला संशयित तो नव्हे.

काकांनी आता गोळी बंद केलीय, कॉफी तशीच ठेवलीय. दोन्ही एकदम सोडलं असतं, तर चोर कोण ते कळलं नसतं, वर कॉफी तुटल्याची डोकेदुखी. आठवडाभर ते रोज बसून मिनिटभर नाडी मोजणार आहेत. शांत बसूनही ती शंभरावर राहिली, ठोके चुकले, चक्कर आली किंवा छातीत दुखलं, तर प्रयोग संपला, थेट डॉक्टर. जाताना बाटली खिशात ठेवा, काका. मागची बाजू वर करून.