‘ताजी’ हळद

आमच्या गावात सोसायटी म्हणजे जिथून पीककर्ज मिळतं आणि जिथलं थकलं की माणूस समोरच्या रस्त्याने जाणं सोडतो, ती. नांदेडात सोसायटी म्हणजे लिफ्ट आणि वॉचमन असलेली. हा फरक लक्षात न घेता आमच्या शेतमालाच्या पहिल्याच फोटोखाली मी लिहिलं, ‘आमच्या सोसायटीतून थेट तुमच्या सोसायटीत!’ श्लेष साधला म्हणून मी दिवसभर खूश होतो. संध्याकाळी पहिला फोन आला. ‘तुमची सोसायटी कोणत्या भागात? टू-बीएचके किती पडंल?’

मी वसमत तालुक्यातला. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर वडिलांची चार एकर हळद आणि गावकऱ्यांचे अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. गावातल्या अकरा जणांनी मिळून शहरातल्या घरांना थेट माल द्यायचं ठरवलं तेव्हा कोणी वजन घेतलं, कोणी गाडी घेतली, मला ‘लिहिण्याचं’ दिलं. 2016 साली सरकारने भाजीपाला आणि फळं बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली. त्यामुळे आडतीवर न जाता मेथी विकायला कायद्याने कोणी अडवणार नव्हतं. अडवणारा मीच निघालो.

हळदीवरचं माझं पहिलं लिखाण भाच्याने फोनवर पाहिलं आणि म्हणाला, “मामा, काय लिहायलात हे? फोटोखाली दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचं ‘अधिक वाचा’च्या पोटात जातं.” माझ्या पहिल्या तीन ओळींत कयाधू आणि पूर्णा या नद्या, नर्सीचे संत नामदेव आणि औंढ्याचा नागनाथ होते. हळद सहाव्या ओळीत येत होती.

मी नद्या काढल्या. विशेषणं ठेवली, आणि तिथेच फसलो.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. शिजवून, वाळवून, दळून नव्या हंगामाची पहिली पूड तयार झाली होती. मी लिहिलं, ‘वसमतची ताजी हळद आली! आजच मागणी नोंदवा.’ ताजी म्हणजे नव्या हंगामाची, यात मला कुठे शंका नव्हती. चौदा घरांनी नोंदवलं. मंगळवारी गाडी गेली आणि पहिल्याच दारात काकूंनी पुडा हातात घेऊन विचारलं, “ही काय? ताजी म्हणाला होतात ना? मला लोणच्याला हवी होती.”

चौदापैकी नऊ घरांना ओली हळद हवी होती. आल्यासारखी, मातीची, किसून लिंबात घालायची. त्यांचंही बरोबर होतं. शहरात ताजी भाजी म्हणजे रानातून निघालेली, मग ताजी हळद वाळलेली कशी असेल?

आता ओली हळद द्यायची कुठून? हळद लावायची मेच्या अखेरीस नाहीतर जूनमध्ये. आमच्याकडे बहुतेकांची सेलम. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की पाला कापायचा, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी. काढलेली हळद फार दिवस तशी ठेवत नाहीत, कुकरमध्ये वाफेवर शिजवतात. गवताची काडी आत सहज गेली आणि तो विशिष्ट वास सुटला की झाली. मग दहा-पंधरा दिवस ऊन. हळकुंड मोडल्यावर कटकन आवाज आला की वाळली. नुसतं वाकलं तर अजून दोन दिवस. त्यानंतर ढोलात फिरवून पॉलिश. पाच किलो ओलीची वाळून एक किलोच्या आसपास उरते. म्हणजे मार्च संपताना ओली म्हणून आमच्याकडे फक्त बेणं होतं, झाडाखाली पाल्यात झाकून जूनच्या लागवडीसाठी ठेवलेलं. मी आमच्यातल्या अण्णांना म्हणालो, त्यातलं नऊ किलो देऊ. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “गुरुजी, उद्या कोणी म्हणलं बैल पाहिजे लोणच्याला, तर द्याल का?”

नऊ घरांचे पैसे परत केले. तेव्हापासून ‘ताजी’ हा शब्द हळदीपुरता बंद. जानेवारी-फेब्रुवारीत ‘ओली हळद, काढणी चालू आहे तोवरच’. एप्रिलपासून ‘नवी हळद पूड’ आणि शेजारी काढणीचा महिना, दळल्याची तारीख. ज्या विशेषणांना मी मुलांच्या निबंधात अर्धा गुण जास्त देत होतो, त्यांच्यापायी पैसे परत करावे लागतात, हे निवृत्तीनंतर कळलं.

गुणवत्तेचं प्रकरण याहून नाजूक. आमच्या गटाच्या चेअरमनना वाटे, जितकं मोठं लिहू तितकं बरं. “लिहा, कॅन्सरवर रामबाण.” मी म्हटलं, अमुक खाल्ल्याने तमुक रोग बरा होतो असं खाण्याच्या वस्तूवर लिहिता येत नाही, कायद्यात बसत नाही. “मग निदान सर्दी तरी लिहा.” सर्दीही नाही. “मग सेंद्रिय लिहा.” सेंद्रिय म्हणून विकायला प्रमाणपत्र लागतं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यातून सूट आहे, पण सूट कागदातून आहे, खोटेपणातून नाही. आणि आमच्या अकरातले चौघे युरिया टाकतात, त्यात स्वतः चेअरमन. तो विषय चहावर मिटला.

मग आलं मानांकन. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. चेअरमनना ते चिन्ह फोटोवर हवं होतं. पण मानांकन हळदीला मिळालं तरी ते वापरायला प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. गावाला पारितोषिक मिळालं म्हणून गावातल्या प्रत्येकाने पदक घालून फिरायचं नसतं. आमच्यातल्या दोघांची नोंदणी झाली. त्या दोघांच्या पुड्यांवर चिन्ह, बाकीच्यांच्या पुड्यांवर ‘वसमत तालुका’ एवढंच. यावरून दोन भावांत आठवडाभर अबोला होता, कारण बांध एक आणि चिन्ह एकाच्याच पुड्यावर.

तक्रार मात्र निराळ्याच गोष्टीची आली. मी लिहिलं होतं, ‘पिवळीधमक’. एका ताईंचा निरोप: ‘तुमची हळद पिवळीधमक नाही, जरा नारिंगी आहे. बाजारातली जास्त पिवळी असते.’ आता सेलमचा रंग जरा नारिंगीकडेच जातो. आणि दुकानातला डोळ्यांत खुपणारा पिवळा कधी कधी हळदीचा नसतोच. वरून रंग चढवतात, काही ठिकाणी तर शिशाचा. मी त्यांना उत्तर दिलं: पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाका, ढवळू नका. चांगली असेल तर पूड तळाशी बसेल आणि पाणी फिकट पिवळं राहील. पाणी गडद पिवळं झालं तर आमची असो की कोणाचीही, वापरू नका. त्यांनी दोन पेल्यांचा फोटो पाठवला. आमचा पेला कोणता हे सांगितलं नाही, पण पुढच्या मंगळवारी दोन किलो मागवली.

‘पिवळीधमक’ गेलं. त्या जागी पाण्याची परीक्षा आली. फोटोतली पारदर्शक पिशवीही गेली. उन्हात ठेवून काढलेला तो फोटो सुंदर होता खरा, पण उजेडात हळदीचा रंग आणि वास उडतो. आम्ही स्वतःच नऊशे फोनांवर दाखवत होतो की हळद कशी ठेवू नये. आता फोटोत खाकी पुडा असतो. भाचा म्हणतो, बातमीतल्या पार्सलबॉम्बसारखा दिसतो.

वार हा सगळ्यांत सोपा मजकूर असं मला वाटत होतं. मी लिहिलं, ‘मेथी, पालक, कोथिंबीर. उद्या घरपोच.’ सोमवारी रात्री स्टेटसला टाकलं. स्टेटस चोवीस तास राहतं. ज्यांनी ते मंगळवारी संध्याकाळी पाहिलं त्यांचा उद्या बुधवारी उजाडला, आणि बुधवारी आमची गाडी वखारीत उभी. पण खरा घोळ वेगळाच झाला. कोणीतरी तो मजकूर आपल्या इमारतीच्या गटात पुढे पाठवला, तिथून आणखी कुठे गेला. तीन आठवडे रोज कोणी ना कोणी विचारत होतं, ‘उद्या येणार ना?’ मराठीच्या मास्तराला कालवाचक क्रियाविशेषणाने असं गाठावं!

त्यात मी ‘स्वच्छ धुतलेली’ हेही लिहून बसलो होतो. शहरात माती आवडत नाही, हे मी मनाने ठरवलेलं. लिहिलं म्हणून धुतली. धुतलेली मेथी ओलीच्या ओली रचून गाडीत घातली, आत उष्णता धरली आणि दहा वाजेपर्यंत मधल्या जुड्यांची पानं काळी पडली. काळी मेथी घेऊन जिना चढायचा प्रसंग भाच्यावर आला, त्याने तो मला वर्षभर ऐकवला. आता पहाटे उपटून नुसती माती झटकतो, जुड्या उभ्या लावतो, वर ओलं पोतं. ओलं पोतं वरून, पाणी आत नाही. यात सगळं आलं.

वाराचा हिशेब उलटा मांडायचा असतो. गाडी मंगळवारी सहाला निघते, कारण नऊच्या आत लोक घरी सापडतात. पालेभाजी मंगळवारी पहाटे निघते. वांगी, दोडकी, मिरच्या सोमवारी उन्हं उतरल्यावर. म्हणून किती उपटायचं हे सोमवारी सकाळी कळलंच पाहिजे, आणि म्हणून नोंदणी रविवारी रात्री आठला बंद. लोकांना रविवारी रात्री साडेनऊला आठवण येते. त्या साडेनऊच्या चार जुड्या आम्ही सुरुवातीला घेत होतो. मग त्या दुसऱ्या घरांच्या वाट्यातून काढाव्या लागत, आणि एका घराचा फायदा पाच घरांची तक्रार होऊन परत येई.

पाऊस झाला तर? काळ्या मातीत पाऊस झाला की रानात पाय टाकता येत नाही, चप्पल तिथेच राहते आणि माणूस पुढे जातो. तेव्हा भाजी नाही. हेही आधीच लिहायचं. त्या आठवड्यात गाडीत डाळ आणि हळद.

इतके सगळे तुकडे पदरात पडल्यावर गेल्या एप्रिलमध्ये जो मजकूर तयार झाला, तो असा:

‘नवी हळद पूड. फेब्रुवारीत काढलेली, 4 एप्रिलला दळलेली. ओली नाही.
सेलम, वसमत तालुका. रंग थोडा नारिंगी.
नोंदणी रविवार रात्री 8 पर्यंत. नांदेडमध्ये मंगळवार, सकाळी 7 ते 9.’

चेअरमननी वाचला. म्हणाले, “बरोबर आहे, पण रुक्ष वाटतंय. वर एखादं गुलाबाचं फूल टाका, शुभ सकाळ लिहा.” मी टाकलं नाही. भाच्याने माझ्या नकळत टाकलं.

पाठवून चहाला बसलो. दोन मिनिटांत पहिला निरोप आला. त्याच काकू, लोणच्याच्या.

‘सुप्रभात गुरुजी. हळद ताजी आहे ना?’

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं, ‘हो.’ मग ते पुसलं आणि त्यांना फोन लावला.