नाईट कुणाच्या किती

आमच्या श्रीपुरात घड्याळाची फारशी गरज पडत नाही. गाळपाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा भोंगा वाजतो आणि कोण कामावर निघालं, कोण सुटलं हे गावाला घरबसल्या कळतं. आमच्या आबांनी उभी हयात कारखान्यात पाळ्या केल्या. त्यांच्या लेखी दिवसाला तीनच वेळा आहेत, चार, बारा आणि आठ. बाकीचे आकडे निव्वळ तबकडी भरायला छापलेत असं त्यांचं मत.

मी मात्र पाळीबिळी करत नाही. जवळच्याच एका पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात मी क्लार्क आहे. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. रात्रपाळी म्हणजे काय हे मला बायकोकडून कळतं, कारण ती त्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. लोकांना वाटतं, दोघं एका जागी नोकरीला म्हणजे बरं असेल. महिन्यातले बरेच दिवस आम्ही फाटकात भेटतो. ती नाईट करून बाहेर पडत असते, मी डबा घेऊन आत जात असतो.

ड्यूट्या लावायचं काम मेट्रनबाईंचं. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. दर शनिवारी दुपारी त्या वही उघडत, चष्मा वर सरकवत आणि पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या लावत. पद्धत अशी की ज्या सिस्टर समोर दिसतील त्यांना नाईट. त्यामुळे शनिवारी दुपारी आमच्या हॉस्पिटलात चिटपाखरू दिसत नसे. सगळ्या सिस्टर एकदम बाथरूममध्ये किंवा एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत. एकदा नाईट लागली की सलग सात रात्री. मग सोमवारी कुजबुज सुरू, ‘माझ्या दोन महिन्यांत तीन आठवडे नाईट झाल्या, तिचा एकच.’ पण वहीची मागची पानं चाळून हिशोब काढायची कुणाची छाती नव्हती.

एके दिवशी बाईंनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली. “भाऊसाहेब, तुम्हाला हिशोबाची सवय आहे. चार आठवड्यांचा तक्ता करून द्या. असा करा की माझ्याकडं एकही बाई रडत आली नाही पाहिजे.”

मी म्हटलं, त्यात काय! आठजणी सिस्टर. तशा सातजणी आणि एक ब्रदर, पण तक्त्यात ते सिस्टरच. सकाळी आठ ते दोन दोघी, दुपारी दोन ते रात्री आठ दोघी आणि रात्री आठ ते सकाळी आठ दोघी. अठ्ठावीस रात्रींना प्रत्येकी दोघी म्हणजे छप्पन्न नाईट. छप्पन्न भागिले आठ, बरोबर सात. बाकी शून्य. शाळेतसुद्धा माझं गणित असं कधी सुटलं नव्हतं.

मग जोड्या पाडल्या, चार. दोन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, दोन रात्री, दोन ऑफ, असं आठ दिवसांचं चक्र बसवलं. पहिली जोडी सकाळपासून सुरू, दुसरी दुपारपासून, तिसरी रात्रीपासून, चौथी ऑफपासून. रोज प्रत्येक पाळीवर एक जोडी हजर आणि एक जोडी घरी. मी लाल शाईने नाईट, निळ्याने सकाळ असं रंगवून तक्ता नोटीस बोर्डावर लावला. लांबून तो सोलापुरी चादरीच्या काठासारखा दिसत होता.

चार आठवडे संपले आणि तिसऱ्या जोडीतल्या ज्येष्ठ सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेच वाईट. “भाऊसाहेब, आमच्या आठ नाईट झाल्या. पहिल्या जोडीच्या सहा. हा सारखा तक्ता का?”

मी मोजलं. खरंच आठ. दुसऱ्या जोडीच्याही आठ, पहिल्या आणि चौथ्या जोडीच्या सहा-सहा. एवढ्यात पहिल्या जोडीतले ब्रदर इंजेक्शनचा ट्रे घेऊन तिथूनच चालले होते. ते थांबले. “सहा म्हणता, पण त्यातल्या चार शनिवार-रविवारच्या! तुमच्या आठांत शनिवार-रविवार एक तरी आहे का?” एकही नव्हता. तिसऱ्या जोडीने आठ रात्री जागून चारही आठवड्यांच्या शनिवार-रविवारच्या रात्री घरी काढल्या होत्या. आता जास्त अन्याय कुणावर, यावर दोघांची जुंपली. ज्या पेशंटला इंजेक्शन द्यायचं होतं तोही उठून दारात येऊन ऐकू लागला.

या सगळ्यात आमची ही काही बोलली नाही. ती दुसऱ्या जोडीत होती. रात्री ताटात भाकरी वाढताना तिने शांतपणे विचारलं, “अहो, ज्यांच्या नाईट आठ, त्यांना शनिवार-रविवार कमी. ज्यांना शनिवार-रविवार जास्त, त्यांच्या नाईट सहा. मग आठही नाईट आणि त्यातल्या तीन शनिवार-रविवारच्या, असं कुणाला आलं असेल हो?”

शेंगदाण्याच्या चटणीला त्या दिवशी चव लागली नाही.

चूक कुठे झाली ते आबांनी ओसरीवरून सांगितलं. त्यांनी तक्ता उलटा धरला होता, तरी सांगितलं. “आरं, आठवड्याला वार किती? सात. तुझं चक्र कितीचं? आठाचं. बैलगाडीच्या एका चाकाला आठ आरं आन् दुसऱ्याला सात केलं तर गाडी चालंल व्हय?” गाडी आऱ्यांच्या संख्येवर चालत नाही हे मला माहीत होतं, पण मुद्दा बरोबर होता. आठाचं चक्र दर आठवड्याला एक वार पुढे सरकतं. ते वारांशी पुन्हा जुळायला छप्पन्न दिवस लागतात, म्हणजे आठ आठवडे. माझा तक्ता आठ आठवड्यांत चोख न्याय देणार होता. पण बाईंनी मागितले होते चार, आणि अर्ध्या वाटेवरचा न्याय शेजाऱ्याच्या वाट्याला गेलेला असतो.

मग हवं होतं अठ्ठावीस दिवसांत पुरं बसणारं चक्र. तसं चक्र कारखान्यांच्या जगात पूर्वीपासून आहे. त्याला कॉन्टिनेन्टल म्हणतात, आणि त्याची खुबी दोन-दोन-तीन या फोडीत आहे. सोम-मंगळ एक तुकडा, बुध-गुरू दुसरा, शुक्र-शनि-रवि तिसरा. तुकडे वारांनीच पाडले, की वारांशी भांडण उरत नाही. सकाळला स, दुपारला दु, रात्रीला रा आणि ऑफला ऑ लिहिलं की सोमवार ते रविवार असं दिसतं:

पहिला आठवडा: स स दु दु रा रा रा
दुसरा आठवडा: ऑ ऑ स स दु दु दु
तिसरा आठवडा: रा रा ऑ ऑ स स स
चौथा आठवडा: दु दु रा रा ऑ ऑ ऑ

चार जोड्या, चार ओळी. प्रत्येक जोडीने वेगळ्या ओळीपासून सुरुवात करायची आणि दर सोमवारी एक ओळ खाली उतरायचं. चौथी ओळ संपली की पुन्हा पहिली. कुठलाही उभा रकाना धरा, त्यात स, दु, रा, ऑ एकेकदाच येतात, म्हणजे कुठलीच पाळी रिकामी नाही. आडवं मोजलं तर प्रत्येकीला सात सकाळ, सात दुपार, सात नाईट, सात ऑफ. शुक्र-शनि-रविच्या सलग नाईट चार आठवड्यांत एकदाच, आणि शुक्र-शनि-रवि पूर्ण ऑफही एकदाच. हे जमलं त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून तक्ता दाखवला. तिचे शब्द इथे देत नाही.

तक्त्याची दिशाही नीट पाहा. सकाळनंतर दुपार, दुपारनंतर रात्र, रात्रीनंतर ऑफ. उलटं कुठेच नाही. माणसाच्या अंगातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. अमेरिकेतल्या युटा राज्यात मिठाच्या सरोवराकाठच्या एका कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळ्यांचा उलटा क्रम सुलटा करून पाहिला, फेरपालटही सावकाश केली, तेव्हा कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढलं. 1982 मध्ये ते छापूनही आलं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मिठाचं असू दे. साखरेचं काय?”

तक्ता निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पहिली ओळ म्हणजे नवीन सुनेचा आठवडा. सातही दिवस काम, त्यात बारा तासांच्या तीन नाईट. मोजले तर साठ तास भरतात. पुढच्याच आठवड्यात तीस, मग बेचाळीस, मग छत्तीस. सरासरी बेचाळीस येते, पण सरासरीवर झोप लागत नाही. आणि नाईटनंतरचा ऑफ कागदावर दोन दिवसांचा असला तरी पहिला दिवस सकाळी आठला हॉस्पिटलच्या पायरीवर सुरू होतो आणि अंथरुणात संपतो.

दुसरं दुखणं रजेचं. आठ माणसांचा तक्ता आठांनीच चालतो. एकीने रजा टाकली की तिची जोडीदारीण वॉर्डात एकटी. त्यासाठी नववी सिस्टर हवी, रिलीव्हर म्हणून, जिला स्वतःची ओळ नाही. हे मी लेखी मागितलं. मंजुरी यायला जे महिने गेले त्यात तक्त्यावर एवढे खाडाखोडीचे शेरे पडले की सात-बाराचा उतारा त्यापुढे स्वच्छ वाटावा.

अदलाबदल तर विचारू नका. “माझी गुरुवारची नाईट तू कर, तुझी एक सकाळ मी करते,” असं दोघींनी गोडीत ठरवलं. मोजणी बिघडली ती वेगळीच, पण जिने नाईट घेतली तिची गुरुवारची स्वतःची दुपार होती. दुपारी दोनला आलेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुटली. सलग अठरा तास. सकाळी चार्ज देताना तिने सात नंबरच्या पेशंटची हकीकत आठ नंबरच्या कॉटशी उभं राहून सांगितली. आठ नंबरने सगळं लक्षपूर्वक ऐकलं. शेवटी विचारलं, “मग माझं बाळंतपण कधी, सिस्टर?” तो सत्तर वर्षांचा ऊस बागायतदार होता. तेव्हापासून नियम केला, की अदलाबदल नाईटला नाईट, सकाळला सकाळ, आणि सही करण्याआधी आपला मागचा आणि पुढचा चौकोन बघायचा.

आषाढीच्या आधी तक्ताच गुंडाळून ठेवावा लागतो. तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर, बोरगाव करत पुढे जाते तेव्हा पायांचे फोड, जुलाब, ताप घेऊन वारकरी येतच राहतात. त्या दिवसांत सगळ्यांच्या रजा बंद, ऑफही बंद. मी विचारलं, हे ऑफ भरून कधी द्यायचे? बाई म्हणाल्या, “ते विठ्ठलाकडं मागा.” मी निमूटपणे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. विठ्ठलाकडे येणं बाकी आहे.

त्याच पानावर आता सणांच्याही नाईट लिहितो. तक्त्याला शनिवार कळतो, लक्ष्मीपूजन कळत नाही. ते ज्या चौकोनात पडेल त्यात पडतं, मग हिशोब पुढच्या वर्षी बघायचा. गेल्या दिवाळीत ते आमच्या हिच्या चौकोनात पडलं. बदलायला दोघीजणी तयार होत्या. ही नको म्हणाली. क्लार्कच्या बायकोने पहिल्याच दिवाळीला चौकोन बदलला तर तक्ता भिंतीवर राहील का, असं तिचं म्हणणं.

पूजा उरकून मी रात्री फराळाचा डबा घेऊन वॉर्डात गेलो. दारातच आयामावशी बसल्या होत्या. डबा बघून हसल्या.

“ह्यो तक्ता तुमीच केला न्हवं, भाऊसाब?”

“होय, मावशी.”

“मग चकल्या तरी जास्तीच्या आणल्याव का?”