जुन्या सहीने कळवते की…

सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे अंघोळ केली तरी माणूस बाहेर येतो तो जुन्याच नावाने. नाव बदलायचं तर लग्न करावं लागतं, आणि मग महाडला बँकेत जावं लागतं.

सवची अशीच एक नवी सून. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहून सासरच्यांनी तिचं पहिलं नावही बदललेलं. मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव तर बदलणारच. म्हणजे तीनपैकी एकही शब्द जुना उरला नाही. आता खात्यातले पैसे हिचेच, हे खिडकीपलीकडच्या साहेबांनी कशावरून मानायचं?

तिने ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला आणला होता. त्यात अडचण अशी की आपल्याकडच्या दाखल्यावर बहुधा वधूचं माहेरचंच नाव असतं. लग्न झालं हे त्यातून सिद्ध होतं. लग्नानंतर बाई काय नाव लावते, याबद्दल कागद गप्प. रिझर्व्ह बँकेचा केवायसीचा निर्देश ‘विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र’ म्हणतो खरा, पण त्यात नावातला बदल दिसला पाहिजे, असंही म्हणतो. त्या ‘किंवा’वर विसंबून गेलेल्या सुना म्हणूनच परत येतात आणि राजपत्राच्या मागे लागतात.

राजपत्रात जुनं नाव, नवं नाव दोन्ही छापून येतं. वर सरकारची सूचना: मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही! सरकार हात झटकतं, आणि बँक तोच कागद पाहून मान डोलावते. सासूबाईंचं मत असं की असं मोकळेपणाने सांगणारं दुसरं कोणी त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही.

खरी गंमत अर्जाच्या तळाशी आली. तिने ऐटीत नवी सही ठोकली. साहेब म्हणाले, “ताई, ही सही आम्ही ओळखत नाही.” बँकेच्या दप्तरात जुनी सही, त्यामुळे नव्या सहीची विनंतीही जुन्या सहीनेच करायची. नवीचे नमुने वेगळ्या चौकटीत, साहेबांसमोर. शेवटी मजकूर असा झाला:

“माझे विवाहापूर्वीचे व विवाहानंतरचे नाव वरीलप्रमाणे असून दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. खात्यावरील नाव व सही बदलावी. सोबत विवाह दाखला व राजपत्राची प्रत, स्वसाक्षांकित. मूळ कागद पडताळणीसाठी आणले आहेत.”

“जुन्या सहीचे चेक कुणाला दिलेत का?” साहेबांनी विचारलं. दिला होता एक, मंडपवाल्याला, लग्नाआधी, पुढची तारीख घालून. सही बदलल्यावर तो आला असता, तर सही जुळत नाही म्हणून परत गेला असता. तिने अर्ज पर्समध्ये घातला आणि मंडपवाल्याला फोन लावला. नाव सांगितलं. तो म्हणाला, “कोण?”